परीक्षेची आदली रात्र: झोप, आठवण आणि जागरण यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बोर्डाच्या पेपरांचे दिवस आले की मुलं आणि पालक झोपेबद्दल तेच ते प्रश्न विचारतात. उदाहरणासाठी इथे बारावी सायन्सचा विद्यार्थी धरला आहे. उद्या सकाळी ११ वाजता बायोलॉजीचा पेपर आहे, रात्रीचे दहा वाजलेत आणि ‘मॉलिक्युलर बेसिस ऑफ इनहेरिटन्स’ हे प्रकरण अजून नीट झालेलं नाही.

झोपेत अभ्यास ‘पक्का होतो’ असं म्हणतात. नेमकं काय होतं?

वाचलेली नवी गोष्ट मेंदूत आधी हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाच्या आधाराने टिकते. कानाच्या वरच्या बाजूला, पण आत खोलवर, डावीकडे आणि उजवीकडे असे हे दोन छोटे भाग असतात. त्यांचं महत्त्व कळलं ते हेन्री मोलायसन या अमेरिकन माणसामुळे. फिट्स थांबाव्यात म्हणून 1953 मध्ये शस्त्रक्रिया करून त्याचे दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस बऱ्याच अंशी काढून टाकले. त्यानंतर त्याला नवीन काहीच लक्षात राहीना. तासाभरापूर्वी भेटलेला माणूस त्याला परका वाटायचा. पण लहानपणच्या आठवणी शाबूत होत्या. म्हणजे जुन्या आठवणींचा मुक्काम दुसरीकडे, मेंदूच्या बाहेरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये असला पाहिजे आणि नव्या आठवणी कधीतरी तिकडे पोचत असल्या पाहिजेत.

दुकानदार दिवसभराचे व्यवहार कच्च्या वहीत टिपतो आणि शटर ओढल्यावर त्यांची पक्क्या खात्यात खतावणी करतो. हिप्पोकॅम्पस ही ती कच्ची वही आणि कॉर्टेक्स हे पक्कं खातं. गिऱ्हाइकांची गर्दी असताना खतावणी होत नाही. मेंदूचंही तसंच आहे. डोळ्या-कानांतून नवीन माल येत राहिला की हे काम मागे पडतं. गाढ झोपेत ती आवक जवळजवळ थांबते.

ही खतावणी होताना दिसलीही आहे. 1994 मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींची नोंद घेतली. फिरताना ज्या पेशी एकत्र चेतवल्या जात होत्या, त्याच पेशी नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र चेतवल्या जाताना दिसल्या. पुढच्या प्रयोगांत कळलं की उंदीर ज्या वाटेने धावला, ती वाट झोपेत त्याच क्रमाने, पण कितीतरी पट वेगाने पुन्हा ‘वाजते’. गाढ झोपेत कॉर्टेक्समध्ये संथ, मोठ्या लाटा उठतात, सेकंदाला साधारण एक किंवा त्याहूनही कमी. त्या लाटेच्या चढावर ‘स्पिंडल’ म्हणून ओळखली जाणारी, सेकंदाला बारा ते पंधरा ठोक्यांची छोटी थरथर येते आणि नेमकी त्याच सुमारास हिप्पोकॅम्पसमधून ही वेगवान उजळणी बाहेर पडते. तिन्हींची वेळ जुळली की आठवण पुढे सरकते.

ही उजळणी नुसती योगायोगाने तिथे असते असं कुणी म्हणेल, म्हणून 2009 मध्ये आणखी एक प्रयोग झाला. शिकून झोपलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये त्या वेगवान उजळणीची लहर उठली रे उठली की विजेच्या अगदी हलक्या झटक्याने तिथल्या तिथे मोडायची. झोप मोडायची नाही, फक्त लहर मोडायची. त्या उंदरांना अन्न कुठल्या वाटेवर आहे ते शिकायला जास्त दिवस लागले. मला विचाराल तर या सगळ्या क्षेत्रातला सर्वात बिनतोड पुरावा हाच.

हे उंदरांचं झालं. माणसांत कुणी पाहिलंय का?

हो, आणि त्यातला एक प्रयोग फार सुरेख आहे. 2007 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तरुणांना संध्याकाळी पत्त्यांच्या जोड्या कुठे मांडल्या आहेत ते लक्षात ठेवायला दिलं. सर्व पानं पालथी, एक उलटायचं, त्याचा जोडीदार शोधायचा, आपण लहानपणी खेळतो तसाच खेळ. शिकताना खोलीत गुलाबाचा वास सोडला होता. मग एका रात्री मुलं गाढ झोपेत असताना तोच वास पुन्हा दिला, दुसऱ्या एका रात्री दिला नाही. कुणाला जाग आली नाही, सकाळी वासाचं कुणाला आठवतही नव्हतं. पण संध्याकाळी लक्षात राहिलेल्या जागांपैकी वासाच्या रात्रीनंतर सुमारे 97 टक्के आठवल्या, बिनवासाच्या रात्रीनंतर 86 टक्के. तोच वास स्वप्नांच्या झोपेत किंवा जागेपणी दिला तर काही फायदा नाही. शिकताना वास नव्हता आणि फक्त झोपेत दिला, तरीही नाही. वासाने त्या संध्याकाळचं पान उघडलं, आणि गाढ झोपेत उघडलं म्हणूनच त्याचा उपयोग झाला.

जुना पुरावा हवा असेल तर 1924 चा आहे. जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना दहा-दहा निरर्थक अक्षरजोड पाठ करायला लावले. आठ तासांच्या झोपेनंतर निम्म्याच्या आसपास आठवले, आठ तास जागेपणी गेल्यावर जेमतेम एखादा. त्यांना वाटलं, झोपेत नवीन काही आत येत नाही म्हणून जुनं पुसलं जात नाही, एवढंच. झोप स्वतः काही काम करते हे ध्यानात यायला पुढे बरीच दशकं गेली.

मग स्वप्नांच्या झोपेचं काम काय?

इथे हात जरा आखडता घेऊन लिहावं लागतं. या झोपेला आरईएम झोप म्हणतात. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात, शरीराचे स्नायू लुळे पडतात आणि मेंदूचा आलेख जवळजवळ जाग्या माणसासारखा दिसतो. शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी 1953 मध्ये ती नोंदवली. स्वप्नं फक्त याच झोपेत पडतात असं नाही, पण लांबलचक, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक इथलीच.

एकेकाळी सगळी आठवण याच झोपेत पक्की होते असं मानलं जायचं. ते टिकलं नाही. नैराश्यावरच्या काही जुन्या औषधांनी आरईएम झोप महिनोन्‌महिने जवळजवळ बंद पडते, तरी त्या रुग्णांची स्मरणशक्ती कोसळलेली दिसत नाही. हा आक्षेप आजही वजनदार आहे. दुसऱ्या बाजूला 2016 मध्ये उंदरांच्या आरईएम झोपेतली एक विशिष्ट लय काही मिनिटं बंद पाडली, तर आदल्या दिवशी कुठल्या जागी धोका होता ते त्यांना नीट आठवेना. तेव्हा तिचा काहीतरी वाटा नक्की आहे.

जर्मनीतल्याच 1997 च्या एका प्रयोगाने निदान विभागणी दाखवली. रात्रीच्या पहिल्या भागातली झोप, जिच्यात गाढ झोप भरपूर असते, शब्दांच्या जोड्या लक्षात ठेवायला जास्त उपयोगी ठरली. आरशात पाहून आकृती गिरवण्याचं हाताचं कसब उत्तररात्रीच्या, स्वप्नांनी भरलेल्या झोपेने जास्त सुधारलं. बायोलॉजीच्या पेपरापुरतं बोलायचं तर व्याख्या, नावं, आकृतीतली लेबलं हा माल पहिल्या प्रकारचा.

रात्रीत या दोन झोपा कशा वाटलेल्या असतात? मी तीन तास झोपलो तर काय हाती लागेल?

झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरीत हलकी, गाढ आणि स्वप्नांची झोप येते, पण प्रमाण बदलत जातं. पहिल्या दोन फेऱ्यांत गाढ झोप ठासून भरलेली, शेवटच्या दोनांत ती नावापुरती आणि स्वप्नं लांबलेली. गाढ झोप किती येणार हे मुख्यतः तुम्ही किती तास जागे होतात त्यावर ठरतं. स्वप्नांची झोप शरीरातल्या घड्याळाप्रमाणे पहाटेकडे झुकलेली असते.

आता आपल्या विद्यार्थ्याचा हिशेब करू. समजा तो आज सकाळी सातला उठला होता.

साडेदहाला पुस्तक मिटून अकराला झोपला आणि साडेसहाला उठला तर साडेसात तास मिळाले, पाच फेऱ्या. दोन्ही प्रकारची झोप पुरी. उठून लेबलं एकदा डोळ्यांखालून घालायला तीन-साडेतीन तास हातात आहेत.

तीनला झोपून साडेसहाला उठला तर साडेतीन तास, दोन फेऱ्या आणि थोडं. इतका वेळ जागल्यामुळे गाढ झोप लवकर लागेल आणि तिचा मोठा हिस्सा वसूल होईल. उत्तररात्रीची झोप मात्र अर्धीअधिक गेली. वर गजर गाढ झोपेतच वाजला तर पहिला अर्धा-पाऊण तास डोकं जड, हातात पेन धरूनही अक्षर सुचत नाही अशी अवस्था.

आणि अजिबात झोपला नाही तर पेपर सुरू होताना तो 28 तास जागा आहे आणि दोनला शेवटची पुरवणी बांधताना 31 तास.

मधला पर्याय चांगला नाही, पण तिसऱ्यापेक्षा खूप बरा. ‘आता तीन वाजलेच आहेत, झोपून काय उपयोग’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं आणि ते साफ चूक आहे.

रात्रभर जागून वाचलं तर नुकसान नेमकं कुठे होतं?

तीन ठिकाणी. लोकांना फक्त पहिलं माहीत असतं: रात्री झोप नाही म्हणून संध्याकाळपर्यंत वाचलेल्याची खतावणी नाही.

दुसरं असं की पहाटे तीन-चारला जे वाचताय ते मुळात कच्च्या वहीतही नीट उतरत नाही. 2007 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. एक गट रात्रभर जागवला, दुसरा झोपू दिला, मग दोघांना मेंदूचं स्कॅनिंग करत चित्रांची मालिका दाखवली. त्यानंतर सगळ्यांना दोन रात्री नीट झोपू दिलं आणि मगच परीक्षा घेतली. म्हणजे परीक्षेच्या वेळी कुणी पेंगत नव्हतं. तरी जागवलेल्यांना चित्रं कमी ओळखता आली, आणि स्कॅनमध्ये चित्रं पाहताना त्यांचा हिप्पोकॅम्पस कमी चालत असल्याचं आधीच दिसलं होतं. पुस्तकावरून डोळे फिरत होते, पान उलटत होतं, पण आत टिपलं जात नव्हतं. घरी ओळखायची खूण सोपी आहे. पहाटे तीनला लॅक ओपेरॉनची आकृती वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर काढा. रिप्रेसर कुठे बसतो आणि लॅक्टोज आल्यावर काय होतं इथे हात अडकला, तर मागचा पाऊण तास फुकट गेला असं समजा. वाचताना ओळखीचं वाटणं आणि न बघता लिहिता येणं यांत अंतर असतं. झोप नसताना ते वाढतं आणि आपल्याला कळत नाही.

तिसरं नुकसान परीक्षेच्या खोलीत होतं. 17 तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखी मंदावते आणि 24 तासांनी साधारण 0.10 टक्क्यांसारखी, असं 1997 च्या एका प्रसिद्ध तुलनेत दिसलं. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा 0.03 आहे. शिवाय न झोपलेला मेंदू न वाचलेलं ‘वाचलंय’ असं ठासून सांगतो. 2008 च्या एका प्रयोगात ‘रात्र, अंधार, कोळसा’ अशा धाटणीच्या याद्या शिकवल्या आणि यादीत नसलेला, पण अर्थाने जवळचा शब्द होता का असं विचारलं. परीक्षेआधीची रात्र जागून काढलेल्यांनी ‘होता’ असं जास्त वेळा सांगितलं. बहुपर्यायी प्रश्नात चारांपैकी दोन पर्याय जुळ्या भावांसारखे दिसतात, तिथे हे महागात पडतं.

पण आमची ताई दर पेपरला रात्र जागायची आणि पहिल्या वर्गात पास झाली!

ताई खोटं बोलत नाही. ऐनवेळची घोकंपट्टी थोड्या वेळापुरती चालते आणि म्हणूनच तिच्यावरचा विश्वास उडत नाही.

सिंगापूरच्या संशोधकांनी 2019 मध्ये हे छान दाखवलं. विद्यापीठातल्या मुलांना मुंग्या आणि खेकड्यांच्या प्रजातींची बारीकसारीक माहिती शिकवली. मधल्या एका तासात एक गट झोपला, दुसऱ्याने तीच माहिती घोकली, तिसऱ्याने आराम केला. अर्ध्या तासानंतरच्या चाचणीत झोपलेले आणि घोकणारे दोघंही आराम करणाऱ्यांच्या पुढे होते. आठवड्यानंतर पुन्हा चाचणी घेतली. घोकणाऱ्यांची आघाडी विरली होती, झोपलेल्यांची टिकून होती. (ही दुपारची एक तासाची झोप होती, रात्र नव्हे. पण मुद्दा तोच.)

बारावीला हे फार लागू पडतं, कारण बायोलॉजी बोर्डाच्या पेपरासोबत संपत नाही. तोच धडा पुढे सीईटीला आणि नीटला पुन्हा समोर येतो. रात्र जागून बोर्डाला लिहिलेलं उत्तर तेव्हा परत पहिल्यापासून शिकावं लागतं. आणि ताईचं म्हणाल, तर ती वर्षभर काय वाचत होती तेही विचारा.

चहा-कॉफी पिऊन भागत नाही का?

जागं राहण्यापुरतं भागतं. दिवसभरात मेंदूत अडेनोसिन साठत जातं आणि त्यामुळे झापड येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं, पण साठा तसाच राहतो. पेंग कमी होते, खतावणीचं काम काही कॅफीन करत नाही. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच-एक तासांनीही रक्तात असतं. त्यामुळे रात्री नऊच्या कडक कॉफीने अकराची झोप हलकी होते. पेपरच्या सकाळी नेहमीचा एक कप घ्यायला हरकत नाही.

पहाटे चारला उठून वाचलेलं जास्त लक्षात राहतं म्हणतात. खरं का?

नऊला झोपून चारला उठलात तर खरं असू शकतं, कारण सात तास झोप झालेली आहे आणि घरात शांतता आहे. बाराला झोपून चारला उठलात तर उत्तररात्रीची झोप कापली गेली. पहाटेच्या वेळेत जादू नाही. त्यातून पंधरा ते वीस वयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकलेलं असतं, त्यामुळे या मुलांना नऊला आडवं केलं तरी झोप लागत नाही. आजोबांना जमतं म्हणून नातवाला जमेल असं नाही.

रविवारी दहा तास झोपून भरून काढलं तर?

थकवा बराचसा भरून निघतो, हुकलेली खतावणी नेहमी निघत नाही. 2000 मधल्या एका प्रयोगात नजरेचं एक कसब शिकवून काही जणांना त्याच रात्री जागवलं आणि पुढे दोन रात्री पोटभर झोपू दिलं. सुधारणा दिसलीच नाही. ते एक विशिष्ट कसब होतं, सगळ्या अभ्यासाला हाच नियम लावणं घाईचं होईल, पण शिकलेल्या दिवसाची रात्र महत्त्वाची असते याचा हा भक्कम इशारा आहे.

झोपताना कानात धड्याचं रेकॉर्डिंग लावून ठेवू का?

नको. न शिकलेला धडा झोपेत शिकता येत नाही, आणि आवाजाने झोप मात्र तुटते.

बरं, रात्रीचे दहा वाजलेत, प्रकरण बाकी आहे. काय करू?

पूर्ण प्रकरणाचा नाद सोडा. त्यातलं नेहमी विचारलं जाणारं दोन-तीनच निवडा, समजा डीएनएचं रेप्लिकेशन आणि लॅक ओपेरॉन. एकेक वाचा, मिटा, कागदावर काढा, चुकलेलं लाल पेनाने दुरुस्त करा. अकराला थांबा. सकाळी सातला तो कागद न बघता पुन्हा कोऱ्या कागदावर काढा. फक्त जिथे अडलात तेवढंच उघडून बघा.

मधे झोप आणि सकाळी पुन्हा ही जोडी का चालते ते 2016 च्या एका फ्रेंच प्रयोगात दिसतं. फ्रेंच मुला-मुलींना स्वाहिली भाषेतले 16 शब्द दोन बैठकांत पाठ करायचे होते. काहींच्या बैठका सकाळी आणि त्याच दिवशी संध्याकाळी, काहींच्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी. दोन्हीकडे मधे बारा तासच. रात्र मधे आलेल्यांना दुसऱ्या बैठकीत साधारण निम्म्याच उजळण्या लागल्या, आणि सहा महिन्यांनीही त्यांना जास्त शब्द आठवत होते.

आणि टेन्शनने झोपच लागली नाही तर?

मग सगळं संपलं असं धरून उठून पुस्तक उघडू नका. गेल्या महिन्याभरात वाचलेलं त्या-त्या रात्रींच्या झोपेत पुढे सरकलेलं आहे, एका वाईट रात्रीने ते पुसलं जात नाही. उद्या कमी पडेल ते मुख्यतः लक्ष, म्हणून प्रश्न दोनदा वाचा आणि सोपे आधी सोडवा. घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. अंथरुणात तळमळणाऱ्याला आपण झोपलोच नाही असं वाटतं, पण नोंद घेतली तर बहुतेकदा वाटतं त्यापेक्षा जास्त झोप झालेली निघते. परीक्षा संपल्यावरही आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, किंवा मूल मोठ्याने घोरत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.